नॉइझ काढताना पोत कुठे जातो? नॉन-लोकल मीन्स आणि वेव्हलेट यांचा हिशेब

शेजारी शेजारी दोन पिक्सेल आहेत. एकाची किंमत १३०, दुसऱ्याची ११०. हा वीसचा फरक खरोखर दृश्यात आहे, की कॅमेऱ्याच्या सेन्सरने घातलेला आहे? नॉइझ काढणारी कुठलीही पद्धत घ्या, शेवटी तिला याच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. फक्त दोन पिक्सेलकडे बघून ते देता येत नाही, म्हणून प्रत्येक पद्धत आणखी कुठून तरी पुरावा गोळा करते. पुरावा कुठला मानायचा, यावरच पद्धतींचे स्वभाव ठरतात.

वेव्हलेटचा मार्ग डेव्हिड डोनोहो आणि इयान जॉनस्टन यांनी १९९४ साली पक्का केला. तो विचारतो: हा फरक पुरेसा मोठा आहे का? नॉन-लोकल मीन्स ही पद्धत अँतोनी बुआदेस, बार्तोमेऊ कॉल आणि झाँ-मिशेल मोरेल यांनी २००५ साली मांडली. तिचा प्रश्न वेगळा आहे: असाच फरक आजूबाजूला पुन्हा कुठे दिसतो का? सपाट भागात दोन्ही प्रश्नांची उत्तरं जवळपास सारखी येतात. पोत आला की वाटा फुटतात, आणि प्रत्येक पद्धत आपापल्या ठरावीक जागी फसते. कुठे फसते, ते आकडे हातात घेतले की नीट दिसतं.

त्यासाठी एक कृत्रिम चित्र घेऊ. आकार ५१२ × ५१२, काळ्यापांढऱ्या छटा ० ते २५५. डावा अर्धा भाग पूर्ण सपाट, सगळीकडे १२०. उजव्या अर्ध्या भागात एकेक पिक्सेल रुंदीचे उभे पट्टे, आलटून पालटून १३० आणि ११०. म्हणजे पोत १२० च्या भोवती ±१० इतका. या सगळ्यावर २० प्रमाण विचलनाचा पांढरा नॉइझ टाकला आहे, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा नॉइझ शेजाऱ्यापासून स्वतंत्र. पोत नॉइझच्या निम्माच आहे. डोळ्यांना तो कसाबसा जाणवेल, पण आहे.

## वेव्हलेट काय मोजतं

सगळ्यात साधं वेव्हलेट आल्फ्रेड हार या गणितज्ञाचं. त्यात चित्राचे २ × २ पिक्सेलचे गट करायचे. गटातल्या वरच्या ओळीत a, b आणि खालच्या ओळीत c, d असतील, तर उभ्या पट्ट्यांची दखल घेणारा गुणांक असा निघतो:

```
(a - b + c - d) / 2
```

आडव्या पट्ट्यांसाठी आणि तिरप्या रचनेसाठी असेच दोन गुणांक असतात, आणि चौथा गटाच्या सरासरीची दुप्पट सांगतो. या चौथ्या आकड्यांचं मिळून अर्ध्या आकाराचं चित्र तयार होतं. त्यावर पुन्हा हीच क्रिया केली की दुसरी पातळी मिळते, मग तिसरी, चौथी. प्रत्येक पातळीवर दुप्पट जाड तपशील हाती लागतो.

या सूत्रात २ ने भागण्यामागे हेतू आहे. चार पिक्सेलचे चार स्वतंत्र नॉइझ एकत्र आले की त्यांचं प्रमाण विचलन दुप्पट होतं, आणि २ ने भागल्यावर परत २० वर येतं. त्यामुळे पातळी कुठलीही असो, प्रत्येक गुणांकात नॉइझ २० चाच राहतो. खऱ्या रचनेचं तसं नाही. पातळीशी जुळणाऱ्या जाडीचे पट्टे असतील तर त्यांचा गुणांक पातळीगणिक दुप्पट होतो. ±१० चे पट्टे एक पिक्सेल रुंद असतील तर पहिल्या पातळीवर गुणांक २० येतो. दोन पिक्सेल रुंद असतील तर दुसऱ्या पातळीवर ४०, चार पिक्सेल रुंद असतील तर तिसऱ्यावर ८०, आठ पिक्सेल रुंद असतील तर चौथ्यावर १६०. नॉइझ जागचा हलत नाही आणि रचना मोठी होत जाते. वेव्हलेटची सगळी ताकद इथेच आहे, आणि बारीक पोताशी त्याचं जमत नाही त्याचं कारणही हेच.

पुढची पायरी उंबरठ्याची. उंबरठ्याच्या आतले गुणांक शून्य करायचे, बाहेरचे ठेवायचे. मऊ प्रकारात बाहेरच्या गुणांकांतूनही उंबरठ्याइतकी वजाबाकी होते. डोनोहो आणि जॉनस्टन यांचा सार्वत्रिक उंबरठा σ√(2 ln N) हा आहे, σ म्हणजे नॉइझचं प्रमाण विचलन आणि N म्हणजे पिक्सेलची संख्या. आपल्या चित्रात २,६२,१४४ पिक्सेल आहेत, म्हणून उंबरठा जवळपास अचूक ५σ, म्हणजे १०० येतो. इतका उंच की निव्वळ नॉइझमुळे एखादा गुणांक तो ओलांडेल, असं अख्ख्या चित्रात एकदाही होण्याची शक्यता कमीच.

सपाट भागासाठी हे उत्तमच. चार पातळ्या घेतल्या तर डाव्या भागात तपशिलाचे सगळे गुणांक शून्य होतात. उरतो फक्त चौथ्या पातळीवरच्या सरासऱ्यांमधला नॉइझ. तो पिक्सेलच्या हिशेबात २० भागिले १६, म्हणजे १.२५. मात्र हा उरलेला नॉइझ रवाळ दिसत नाही. १६ × १६ च्या चौकोनांमध्ये छटा किंचित वरखाली झालेली दिसते, ढगाळ डाग पडल्यासारखी. हार न वापरता गुळगुळीत वेव्हलेट घेतलं तर चौकोनांच्या कडा मावळतात, पण डाग राहतात. आकाश किंवा धुकं अशा भागांचा कॉन्ट्रास्ट नंतर वाढवला की ते हटकून वर येतात.

उजव्या भागाचं काय? गुणांक २०, उंबरठा १००. पट्टे पूर्ण गेले. या पातळीवर जिवंत राहायला पोत निदान ±५० चा हवा होता. चौथ्या पातळीवरचे, म्हणजे आठ पिक्सेल रुंदीचे ±१० चे पट्टे मात्र १६० चा गुणांक घेऊन सहज पार होतात, मऊ वजाबाकीनंतर बरेच फिके होऊन. डोळ्यांना दोन्ही पोत सारख्याच कॉन्ट्रास्टचे. वेव्हलेटच्या लेखी एक नॉइझ आणि दुसरा रचना.

## एकच उंबरठा सगळ्यांसाठी

सार्वत्रिक उंबरठा फार कडक आहे हे लोकांच्या लवकरच लक्षात आलं. आज सहसा बेझश्रिंक वापरतात. त्यात प्रत्येक पातळीच्या प्रत्येक दिशेसाठी वेगळा उंबरठा असतो: σ² भागिले त्या गटातल्या खऱ्या रचनेचं प्रमाण विचलन. रचना भरपूर असेल तर उंबरठा खाली येतो, नसेल तर वर जातो. कल्पना शहाणी आहे. अडचण अशी की रचना किती आहे ते अख्ख्या चित्रावर मोजलं जातं.

आपल्याच चित्रात बघू. पहिल्या पातळीच्या उभ्या गटात उजवीकडे गुणांक २० चे आणि डावीकडे शून्य. दोन्ही मिळून प्रमाण विचलन सुमारे १४. म्हणून उंबरठा ४०० भागिले १४, साधारण २८. तो फक्त पट्ट्यांवर बेतला असता तर २० आला असता, फक्त सपाट भागावर बेतला असता तर खूप उंच गेला असता. आता एकाच आकड्याने दोघांनाही न्याय द्यायचा, आणि होतं असं की दोघांवरही अन्याय होतो. पट्ट्यांच्या गुणांकांत नॉइझ मिसळून ते २० च्या भोवती पसरलेले असतात. त्यातले बरेच २८ च्या आत अडकतात, बाकीच्यांमधून २८ वजा होतात. सरासरीने ±१० पैकी ±२ च्या आसपास पोत उरतो. तोही एकसारखा नाही: काही जागी पट्टे ठळक, काही जागी गायब.

सपाट बाजूला उलटा त्रास. नॉइझचं प्रमाण विचलन २० असताना उंबरठा २८ असला, तर दर शंभरातले सुमारे सोळा गुणांक नुसत्या नॉइझच्या जोरावर उंबरठा ओलांडतात. असा सुटलेला एकेक गुणांक पिक्सेलमध्ये परतताना आपल्या वेव्हलेटचा आकार घेऊन येतो. म्हणून सपाट भागात बारीक, दिशा असलेल्या रेघोट्या आणि ठिपके दिसतात. साध्या धूसरपणापेक्षा त्या डोळ्यांना जास्त खुपतात, कारण त्यांना आकार असतो.

आणखी एक गोष्ट आहे आणि माझ्या मते वेव्हलेटबद्दल सर्वात कमी बोललं जातं ते हेच. दोन पिक्सेल रुंदीचे पट्टे घ्या: १३०, १३०, ११०, ११०. हारचे गट या पट्ट्यांशी नीट जुळले तर दुसऱ्या पातळीवर ४० चा गुणांक मिळतो. आता तेच चित्र एक पिक्सेल बाजूला सरकवा. गट आता १३०, ११०, ११०, १३० असा दिसतो. दुसऱ्या पातळीचा गुणांक शून्य होतो आणि सगळी ऊर्जा पहिल्या पातळीवर २० च्या गुणांकांमध्ये विखुरते. उंबरठा २८ असेल तर पहिल्या स्थितीत पोत टिकतो, दुसऱ्या स्थितीत मरतो. पोत तोच, फक्त एक पिक्सेल सरकलेला! प्रत्यक्ष चित्रात पट्टे थोडे तिरके किंवा वळणदार असतात, त्यामुळे एकाच पोताचा काही भाग गटांशी जुळतो, काही नाही, आणि निकाल फाटक्या जाळीसारखा येतो.

यावर डोनोहो आणि रोनाल्ड कॉइफमन यांनी १९९५ साली सुचवलेला उपाय आजही सर्वात सरळ आहे. चित्र वेगवेगळ्या अंतरांनी सरकवा, प्रत्येक वेळी नॉइझ काढा, उलटं सरकवून मूळ जागी आणा आणि सगळ्यांची सरासरी घ्या. यामुळे सपाट भागातल्या रेघोट्या आणि कडांजवळच्या लाटा बऱ्याच कमी होतात. उंबरठ्याखालचा पोत मात्र सरकवूनही परत येत नाही.

## नॉन-लोकल मीन्स काय मोजतं

इथे गुणांक नाहीत. प्रत्येक पिक्सेलभोवती ७ × ७ चा तुकडा घ्यायचा. मग त्या पिक्सेलभोवतीच्या २१ × २१ च्या खिडकीत, म्हणजे ४४१ जागी, तसाच तुकडा ठेवून दोघांत किती फरक आहे ते बघायचं. फरक म्हणजे ४९ पिक्सेलच्या फरकांच्या वर्गांची सरासरी. ज्या जागेचा तुकडा जास्त जुळतो तिच्या मधल्या पिक्सेलला जास्त वजन, आणि शेवटी वजनदार सरासरी. एकाच पोथीच्या अनेक नकला समोर ठेवून मूळ पाठ शोधावा तसं हे काम आहे: नकलाकारांच्या चुका वेगवेगळ्या असतात, मूळ मजकूर सगळ्यांत सारखा.

वजनाचं सूत्र असं:

```
w = exp( -max(d2 - 2*sigma^2, 0) / h^2 )
```

d2 म्हणजे वर सांगितलेला फरक. त्यातून 2σ² वजा करायचं कारण सोपं आहे. दोन तुकडे मुळात अगदी सारखे असले तरी दोघांवर वेगळा नॉइझ असतो, त्यामुळे त्यांच्यात सरासरी 2σ² इतका फरक दिसणारच. आपल्या चित्रात तो ८००. h हा सैलपणा ठरवणारा आकडा, तो ०.८σ म्हणजे १६ घेऊ. त्याचा वर्ग २५६.

सपाट भागात ४४१ तुकडे मुळात सारखेच. सगळ्यांना जवळपास सारखं वजन मिळतं आणि ४४१ पिक्सेलची सरासरी निघते. २० चा नॉइझ २१ ने भागला जातो, म्हणजे १ च्या आसपास येतो. वजनं थोडी वरखाली असतात, म्हणून प्रत्यक्षात जरा जास्त. वेव्हलेटच्या १.२५ च्या तोडीस तोड, आणि रेघोट्या नाहीत, कारण एखाद्या ठरावीक आकाराची मुद्रा इथे कुठेच उमटत नाही.

आता पट्टे. खिडकीतल्या ४४१ पैकी साधारण निम्म्या जागी उजळ पट्ट्यावर उजळ पट्टा येतो, निम्म्या जागी उजळवर गडद. जुळणाऱ्या तुकड्यांचा फरक सरासरी ८००. न जुळणाऱ्यांत प्रत्येक पिक्सेलला २० चा खरा फरक, त्याचा वर्ग ४००, म्हणून एकूण १२००. सूत्रात घातलं की जुळणाऱ्यांना वजन १ आणि न जुळणाऱ्यांना सुमारे ०.२. नॉइझमुळे हे फरक स्वतःच वरखाली होतात, तो चढउतार धरला तर वजनं अनुक्रमे ०.८ आणि ०.३ अशी जवळ येतात. त्यातून ±१० पैकी ±५ च्या आसपास पोत उरतो, आणि तो सगळीकडे सारखा उरतो, एकसंध. बेझश्रिंकचे ±२ आणि तेही तुकड्यातुकड्यांत, सार्वत्रिक उंबरठ्याचं शून्य. त्यापुढे हे खूप बरं. ज्या गुणांकाला वेव्हलेटने लहान म्हणून फेकलं, त्याची पुनरावृत्ती नॉन-लोकल मीन्सला ४९ पिक्सेल एकत्र बघितल्यामुळे दिसली.

पण पट्टे ±४ चे केले तर? न जुळणाऱ्यांतला खरा फरक ८, त्याचा वर्ग ६४, एकूण ८६४. जुळणाऱ्यांचा ८०० हा आकडा ७ × ७ तुकड्यासाठी नॉइझमुळे सुमारे १६० ने मागेपुढे होत असतो. ८०० आणि ८६४ वेगळे ओळखताच येत नाहीत. दोन्ही प्रकारांना जवळपास सारखंच वजन मिळतं, उजळ आणि गडद एकमेकांत मिसळतात आणि ±४ पैकी ±०.४ उरतं. पोत पुसला गेला, आणि निकाल इतका स्वच्छ दिसतो की तिथे काही होतं याची शंकाही येत नाही. तुकडा ११ × ११ केला तर तो चढउतार १६० वरून सुमारे १०० वर येतो, म्हणजे नजर तीक्ष्ण होते, तरी ६४ साठी अपुरीच. शिवाय तुकडा मोठा केला की त्याला जोडीदार मिळणं अवघड होतं.

जोडीदार न मिळण्याचा त्रास खास या पद्धतीचा आहे. एखादा कोपरा, एकुलतं एक अक्षर, सपाट भागातून जाणारी वेडीवाकडी तार: त्यांच्यासारखा तुकडा खिडकीत दुसरा नसतो. मग सगळं वजन त्या पिक्सेलच्या स्वतःच्याच वाट्याला येतं, आणि स्वतःशी सरासरी म्हणजे काहीच न करणं. अशा ठिकाणाभोवती तुकड्याच्या निम्म्या रुंदीइतकी, म्हणजे तीन-चार पिक्सेलची, नॉइझची किनार तशीच राहते. बाजूचा भाग गुळगुळीत असल्याने ती किनार आणखी उठून दिसते. वेव्हलेट अशा ठिकाणी लाटा उमटवतं, नॉन-लोकल मीन्स नॉइझ सोडून देतं. चित्र कुठल्या पद्धतीने स्वच्छ केलंय हे ओळखायचं असेल तर एकाकी कडेभोवती मोठं करून बघावं.

## वाळूसारखा पोत

पट्टे नियमित होते म्हणून नॉन-लोकल मीन्सला सोपे गेले. वाळू, गवत, त्वचेची रंध्रं यांत एकही तुकडा दुसऱ्याची नक्कल नसतो. उजव्या भागातले पट्टे काढून तिथे यादृच्छिक पोत ठेवू, प्रत्येक पिक्सेल स्वतंत्र, आणि त्याची तीव्रता, म्हणजे प्रमाण विचलन, बदलत नेऊ.

तीव्रता १० असताना दोन तुकड्यांतला फरक सरासरी १०००. वजन साधारण निम्मं. पण असे ४४० तुकडे, आणि स्वतःचा फक्त एक. स्वतःचा वाटा अर्धा टक्काही राहत नाही. पोत पूर्ण सपाट. बेझश्रिंकही इथे काही वाचवत नाही, शंभरात एखादाच गुणांक उंबरठा ओलांडतो.

तीव्रता २० केली, नॉइझच्या बरोबरीची. नॉन-लोकल मीन्समध्ये स्वतःचा वाटा अजूनही दोन-तीन टक्केच, म्हणजे नॉइझइतका बलवान पोतही मेणासारखा गुळगुळीत होतो. बेझश्रिंकमध्ये सुमारे एक तृतीयांश गुणांक वाचतात. पोत विरळ आणि डागाळलेला, पण तिथे काहीतरी खडबडीत आहे हे कळतं.

तीव्रता ४० वर चित्र पालटतं. फरक सरासरी ४००० च्या घरात जातो, इतरांची वजनं इतकी आक्रसतात की स्वतःचा वाटा नव्वद टक्क्यांच्या वर जातो. पोत जसाच्या तसा वाचतो, पण त्याच्यासोबत २० चा नॉइझही जसाच्या तसा. वेव्हलेट इथे उंबरठा १४ च्या आसपास आणतं, मोठे गुणांक थोडे कमी करून ठेवतं, लहान काढतं. काही नॉइझ जातो, थोडा पोतही जातो.

हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. यादृच्छिक पोतावर नॉन-लोकल मीन्स हळूहळू बदलत नाही. ठरावीक तीव्रतेखाली ते सगळं पुसतं आणि त्याच्या वर हातच लावत नाही, आणि मधला पट्टा अरुंद आहे. चेहऱ्याच्या फोटोत गाल प्लॅस्टिकसारखे आणि दाढी मात्र रवाळ, असं दिसतं ते यामुळे. h कमीजास्त केल्याने ही सीमा सरकते, नाहीशी होत नाही. वेव्हलेटमध्ये बदल क्रमाक्रमाने होतो, म्हणून चुकांचंही प्रमाण क्रमाक्रमाने वाढतं. २००७ च्या बीएम३डी पद्धतीने दोन्ही एकत्र आणले: आधी सारखे तुकडे शोधून त्यांची चळत करायची, मग त्या चळतीचे गुणांक काढून त्यांना उंबरठा लावायचा. तिथे तुकडे हुबेहूब सारखे असण्याची गरज उरत नाही.

## काय गेलं ते बघायचं कसं

स्वच्छ झालेल्या चित्राकडे बघून फार कळत नाही, डोळा गुळगुळीतपणाला लगेच भुलतो. नॉइझवालं चित्र वजा स्वच्छ चित्र, म्हणजे जे काढून टाकलं ते, बघावं. ही सवय नॉन-लोकल मीन्सच्याच लेखकांनी रुजवली. पायथनच्या सायकिट-इमेज लायब्ररीमध्ये ते चार-पाच ओळींत होतं:

```python
from skimage.restoration import (denoise_nl_means,
                                 denoise_wavelet, estimate_sigma)
s = estimate_sigma(img)          # img: 0..1 float
a = denoise_nl_means(img, patch_size=7, patch_distance=10,
                     h=0.8*s, sigma=s, fast_mode=True)
b = denoise_wavelet(img, sigma=s, method='BayesShrink',
                    mode='soft', wavelet_levels=4)
ra, rb = img - a, img - b
```

ra आणि rb नुसते नॉइझ दिसायला हवेत. त्यांत वस्तूची रूपरेषा किंवा पट्टे दिसले तर तो पोत आपण फेकला. आकड्यांतही तपासता येतं, भागवार प्रमाण विचलन काढून. आपल्या चित्रात ते सगळीकडे २० यायला हवं (० ते १ च्या मापात २० भागिले २५५). १० तीव्रतेचा पोत पूर्ण गेला असेल तर त्या भागात ते २२.४ येईल, कारण ४०० आणि १०० मिळून ५०० होतात आणि त्याचं वर्गमूळ तेवढं. २० पेक्षा खूप कमी आलं तर तिथला नॉइझ निघालेलाच नाही, ४० तीव्रतेच्या वाळूवर नॉन-लोकल मीन्स जे करतं ते. ±५ चे पट्टे गेले असतील तर मात्र हा आकडा २०.६ येतो, नजरेतून सुटेल असा. अशा वेळी पोताच्या दिशेने सरासरी घ्यावी. उभ्या पट्ट्यांत प्रत्येक स्तंभाच्या ५१२ पिक्सेलची सरासरी घेतली की नॉइझ एकाच्या खाली जातो आणि ±५ चा पट्टा स्पष्ट वर येतो.

हे सगळं σ बरोबर असेल तरच. estimate_sigma सर्वात बारीक तिरप्या गुणांकांच्या निरपेक्ष किमतींचा मध्यक घेऊन त्याला ०.६७४५ ने भागतं. पांढऱ्या नॉइझवर हा अंदाज छान बसतो. कॅमेऱ्यातून आलेल्या जेपेगमध्ये शेजारच्या पिक्सेलचे नॉइझ एकमेकांत मिसळलेले असतात आणि कॉम्प्रेशनने तेच बारीक तिरपे गुणांक आधीच कापलेले असतात. मग अंदाज खूप कमी येतो. आपल्या चित्रात २० ऐवजी १० आला असं धरू. वेव्हलेटचा सार्वत्रिक उंबरठा १०० वरून ५० होतो, म्हणजे खऱ्या नॉइझच्या अडीचपट. शंभरात एखादा गुणांक सुटतो आणि सपाट भागात तुरळक ठिपके दिसतात. नॉन-लोकल मीन्समध्ये मात्र 2σ² ८०० ऐवजी २०० होतं आणि h चा वर्ग ६४. सपाट भागातल्या अगदी सारख्या तुकड्यांमध्येही ६०० चा जादा फरक दिसू लागतो, सगळ्यांची वजनं कोसळतात आणि स्वतःचा वाटा निम्म्याच्याही वर जातो. सपाट भागच रवाळ राहतो. म्हणून जेपेगवर नॉन-लोकल मीन्सने काहीच केलं नाही असं वाटलं तर h वाढवत बसण्याआधी चित्रातला एक खरोखर सपाट चौकोन निवडून त्याचं प्रमाण विचलन थेट मोजावं आणि तोच आकडा sigma म्हणून द्यावा.